पुढे की अलीकडे

झेरॉक्सच्या दुकानावरच्या दोन खोल्यांत अबाउटबाईंचा क्लास होता. परदेशी नोकरीसाठी इंग्रजीची परीक्षा देणाऱ्या नर्सेस तिथे यायच्या. बाईंना हे नाव पडलं त्याला कारण होतं. ‘डिस्कस अबाउट’ दिसलं की त्यांचं लाल पेन आपोआप त्या ‘अबाउट’वर जायचं, आणि ते रोज, प्रत्येक पेपरात दिसायचं.

“अगं, डिस्कसच्या पोटातच ‘विषयी’ आहे,” बाई सांगायच्या. “तू डोक्यात ‘आजाराविषयी चर्चा’ म्हणतेस आणि तो ‘विषयी’ बिचाऱ्या डिस्कसच्या पाठीवर लादतेस. गाढवाला तरी किती ओझं!”

पोरी हसायच्या आणि पुढच्या पेपरात तेच लिहायच्या. बाईंना आता राग यायचा नाही, नुसता थकवा यायचा. कॉलेजात असताना शिकवलं तेच, निवृत्तीनंतरही तेच. पेशंट ‘इज हॅविंग पेन सिन्स थ्री डेज’. का? तर आपण मराठीत ‘दुखतंय’ म्हणतो, तेही ‘तीन दिवसांपासून’. ‘दिवसांपासून’ म्हटलं की हात ‘सिन्स’कडेच जातो. चूक इंग्रजीत दिसते, मुळं मात्र घरात असतात. ती उपटायची कुठून?

या वर्गात एक सिस्टर होती. चाळिशी गाठलेली, सर्जिकल वॉर्डातली, हाताला चपळ आणि तोंडाने फटकळ. ऐकणं, बोलणं, वाचणं यांत ती पास व्हायची आणि लेखनात थोडक्यात घसरायची; असं एकदा नव्हे, दोनदा झालं होतं. परदेशातल्या हॉस्पिटलने तिची जागा धरून ठेवली होती, पण कळवलं होतं की आता ही शेवटची संधी. नवऱ्याचं काम सुटलेलं, मुलगी बारावीला. सगळं घर त्या एका पेपरावर डोळे लावून बसलेलं.

“मॅडम, मी पेशंट वाचवते आणि हे लोक मला ‘प्रीपोन’साठी नापास करतात?” सिस्टर म्हणायची.

“प्रीपोन आपल्याकडचा शब्द, तिकडे तो चालत नाही. पण एका शब्दाने कोणी नापास होत नाही. तुझ्या पत्रात असे दहा बसलेत. ‘काइंडली डू द नीडफुल’ लिहितेस, म्हणजे नेमकं काय करायचं? परीक्षेत दिलेल्या नोंदींवरून पत्र लिहायचं, आणि ते अनोळखी डॉक्टरला एका वाचनात कळायला हवं. ‘नीडफुल’ काय ते त्याने ओळखायचं का?”

“आमच्याकडे ओळखतात.”

“तुमच्याकडे ओळखतात म्हणून तर तू इथे बसलीयस.”

सिस्टरने मग कंबर कसली. बाईंनी सांगितलं होतं की परीक्षेपुरतं इंग्रजी वापरलंस तर आयत्या वेळी जुनं तोंडात येईल; वॉर्डातही तेच बोल, तेच लिही. सिस्टरने ते अगदी शब्दशः घेतलं.

पुढच्या आठवड्यात ती क्लासला आली ती युनिफॉर्मवरच. पिशवी बाकावर आपटली.

“तुमच्या इंग्रजीने माझी आहे ती नोकरीही जायची, मॅडम!”

झालं असं होतं. सात नंबरच्या बेडवरच्या आजोबांचं ऑपरेशन गुरुवारी ठरलेलं. सर्जनने ते एक दिवस आधी, बुधवारी घ्यायचं ठरवलं. सिस्टरने मंगळवारी संध्याकाळी ड्यूटी संपताना बोर्डावर ऐटीत लिहिलं, ‘ब्रॉट फॉरवर्ड बाय वन डे’, म्हणजे एक दिवस अलीकडे आणलं. ‘प्रीपोन’ हा शब्द कटाक्षाने टाळला. रात्रीच्या सिस्टरला तोंडीही तेच सांगितलं, तेही उच्चार सांभाळून.

“तिने काय ऐकलं असेल?” सिस्टरने विचारलं.

बाईंनी डोळे मिटले. त्यांना कळलं होतं. “फॉरवर्ड म्हणजे पुढे. पुढे म्हणजे पुढे ढकललं.”

“शुक्रवार धरला तिने! बुधवारी सकाळी आजोबांना चहा दिला, पोटभर नाश्ता दिला. थिएटरमधून बोलावणं आलं तेव्हा आजोबा मिशी पुसत होते. भरल्या पोटी भूल कशी देणार? ऑपरेशन रद्द. सर्जन माझ्यावर, मेट्रन माझ्यावर. मेट्रन म्हणतात, ‘प्रीपोन लिहायला काय झालं होतं? सगळ्यांना कळतं ते.’ मेमो मिळाला, मॅडम. आजोबांच्या मुलाने तर हातच जोडले, म्हणाला, ‘सिस्टर, मराठीत सांगा हो.’”

वर्गात एक पोरगी फिस्सकन हसली आणि बाईंची नजर पडताच तिने वहीत डोकं खुपसलं.

कुठे तरी बाईंनाही ते लागलं होतं. इतकी वर्षं त्या ‘प्रीपोन’ला लाल रेघ मारत होत्या, आणि आज त्या शब्दाचीच बाजू खरी होती. पोस्टपोनच्या उलट प्रीपोन. ऐकणाऱ्याचा गोंधळ व्हायला जागाच नाही. आपल्या माणसांनी आपली अडचण ओळखून घडवलेला शब्द तो. पण परक्या परीक्षकाला याचं काय सांगणार?

“आजोबा बरे आहेत ना?” त्यांनी आधी विचारलं.

“शुक्रवारी झालं ऑपरेशन. नीट झालं. पण ते सोडा. मी काय लिहू सांगा. परीक्षेत प्रीपोन लिहिलं तर मार्क जातात, वॉर्डात ब्रॉट फॉरवर्ड लिहिलं तर नोकरी.”

बाई बोर्डाशी गेल्या. खडू उचलला आणि थांबल्या. ‘चूक’ असं लिहायची हाताला सवय. आज ते लिहावंसं वाटेना.

“माझंच चुकलं. शब्द बदलायला शिकवलं, वाचणारा कोण ते बघायला नाही.” मग त्यांनी बोर्डावर लिहिलं: मूव्ह्ड फ्रॉम थर्सडे टु वेन्सडे. “हे वाच. पुढे आहे का यात? अलीकडे?”

“नाही. नुसते वार आहेत.”

“वार सगळ्यांना सारखेच कळतात. तुझ्या रात्रीच्या सिस्टरला आणि परीक्षकालाही. खाली तारीख घाल. घरातली चप्पल वेगळी, बाहेरची वेगळी, हे मी तुला सांगणार होते. पण दोन्हीकडे चालणारी मिळाली तर कशाला उगाच बदलत बसायचं?”

सिस्टरने ते वाक्य दोनदा पुटपुटलं. “आणि डिस्कस अबाउट?”

“त्याची सुटका नाही. ती इथेही गाढवावरची गोणीच.”

परीक्षेच्या दिवशी सिस्टरने बाहेर आल्या आल्या फोन केला. “मॅडम, नोंदींमध्ये अपॉइंटमेंट आधी घेतलेली होती! हात आपोआप प्रीपोनकडे गेला होता. ओढून आणला. दोन्ही वार लिहिले. डिस्कसपाशीही थांबले, अबाउट गिळला.”

“गिळलास ना? मग आता जेव,” बाई म्हणाल्या. त्यांच्यासमोर नव्या तुकडीचे पेपर पडले होते. पहिल्याच ओळीत ‘वी डिस्कस्ड अबाउट’. त्यांनी रेघ मारली. पेन जड वाटत होतं.

मग काही दिवस कुणाचाच फोन नाही. बाईही विचारायच्या नाहीत. वाईट बातमी चालत येते, तिला बोलवावं लागत नाही. आणि एका दुपारी, निकालाच्या सांगितलेल्या तारखेच्या आदल्याच दिवशी, मोबाइलवर सिस्टरचा इंग्रजीतून निरोप आला:

‘मॅडम, रिझल्ट गॉट प्रीपोन्ड. आय हॅव पास्ड आउट!’

बाईंनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. जागा मिळाली होती. घर सावरलं होतं. आणि इंग्रजीप्रमाणे बघायला गेलं तर ‘पास्ड आउट’ म्हणजे सिस्टर बेशुद्ध पडली होती. लाल पेनाच्या बोटाला खाज सुटली, पण रेघ मारायला मोबाइलची काच होती. त्यांनी मराठीत लिहिलं: ‘शुद्धीवर आलीस की चहाला ये.’

लगेच फोन वाजला.

“मॅडम, मी तर ठणठणीत आहे! असं का लिहिलंत?”

“काही नाही गं,” बाई म्हणाल्या आणि कितीतरी दिवसांनी खुर्चीत मागे टेकल्या. “ये तू. चहा पिता पिता सांगते.”