मागच्या रांगेचा पासवर्ड

आमचे सासरे घराबाहेर पडताना कुलूप तीनदा ओढून बघतात. एकदा स्वतःसाठी, एकदा सासूबाईंच्या समाधानासाठी आणि एकदा, मला वाटतं, कुलपाची फजिती करायला. बस कंपनीत त्यांनी एकतीस वर्षं वेळापत्रकं छापण्याआधी तपासली. चुकीचा एक आकडा पन्नास माणसांना थंडीत उभं ठेवतो, हे त्यांच्या डोक्यात इतकं पक्कं आहे की औषधाच्या बाटलीवरची तारीखही ते दोनदा वाचतात. कागदावर पत्ता असेल तर फाडून त्याचे तुकडे दोन वेगळ्या डब्यांत टाकतात.

आणि हाच माणूस कॉम्प्युटरसमोर बसला की मेणाहून मऊ होतो. ब्राउझरने विचारलं, "पासवर्ड सेव्ह करू?" की बाबा म्हणणार, हो. "कार्ड सेव्ह करू?" हो. एवढ्या अदबीने विचारतोय बिचारा, त्याला नाही कसं म्हणायचं! कॉम्प्युटर बैठकीच्या खोलीत, सगळ्यांचा मिळून एक. तो उघडायचा पिन मॉनिटरच्या कडेला चिकटवलेला आहे, तोही बाबांच्याच सुवाच्य अक्षरात.

आता सासूबाई. त्या शाळेत चित्रकला शिकवायच्या, निवृत्त झाल्यावर वस्तीतल्या हौशी मंडळींना घेऊन वर्षातून एक नाटक बसवतात. शिंप्यापासून दंतवैद्यापर्यंत सगळ्यांना त्या फैलावर घेतात. या आमच्या करारी आईंना जगात एकच माणूस घायाळ करू शकायचा. वस्तीच्या साप्ताहिकाच्या वेबसाइटवर वाचकांसाठी जागा आहे, तिथे सात वर्षं कुणीतरी 'मागची रांग' या नावाने त्यांच्या प्रत्येक नाटकाची सालटी काढायचं. "नायिका दार उघडते तेव्हा भिंत हलते." "तिसऱ्या प्रवेशातली शांतता परिणामकारक होती, पण ती संवाद विसरल्यामुळे होती." आई वाचायच्या, चिडायच्या, आणि दोन दिवस आमची वरणात मीठ आहे की नाही हे सांगायची टाप नसायची.

बाबांना विचारलं की ते म्हणायचे, "छान झालं." दर वर्षी तेवढंच. त्या दोघांच्या लग्नानंतर आईंनी बसवलेल्या पहिल्या नाटकाला त्यांनी खरं मत दिलं होतं म्हणे, तेव्हा आईंनी दोन वर्षं रंगमंचाकडे पाहिलं नव्हतं. त्या दिवसापासून घरात त्यांचं मत दोन शब्दांवर आलं.

या वर्षी प्रयोगाच्या आठवडाभर आधी आई साप्ताहिकाच्या साइटवर जाहिरात टाकायला बसल्या. मी शेजारी कपड्यांच्या घड्या घालत होते. लॉगिनचं पान उघडलं आणि नावाच्या रकान्यात आपोआप शब्द उमटले: मागची रांग. खाली पासवर्डच्या जागी काळ्या ठिपक्यांची ओळ.

 आईंनी लॉगिनचं बटण दाबलं. आत सात वर्षांचा सगळा माल ओळीने लावलेला होता.

"हे कोण?" त्यांनी मला विचारलं, आणि माझ्याकडे बघितलंही नाही. घरात त्यांच्याखेरीज आम्ही चौघं. मुलगा लहान, नवरा नाटकाला झोपतो, मी घड्या घालत होते. उत्तर द्यायची गरज नव्हती.

मला वाटलं, आता भांडी आपटतील. त्याऐवजी त्या गालात हसल्या आणि बाबांच्या त्या टोपणनावाने टाइप करू लागल्या: "यंदा प्रयोग संपल्यावर मी मागच्या रांगेत उभा राहून सर्वांसमोर माझं मत सांगेन. — मागची रांग."

दुसऱ्या दिवशी सकाळी बाबा मला गॅलरीत घेऊन गेले. चेहरा पडलेला. "अगं, माझ्या एका मित्राचा पासवर्ड चोरीला गेलाय," ते कुजबुजले. "काय करावं माणसाने?"

"पासवर्ड बदलावा," मी म्हणाले. खरं तर अर्धंच उत्तर दिलं. ते पाप माझ्या माथी.

त्यांनी मजकूर काढून टाकला, पासवर्ड बदलला, चांगला सतरा अक्षरांचा. ब्राउझरने विचारलं, "नवा पासवर्ड अपडेट करू?" बाबांनी हो म्हटलं. दुपारी ते वाचनालयात गेल्यावर आई खुर्चीत बसल्या, ठिपके आपोआप भरले गेले, आणि मजकूर पुन्हा साइटवर. असं तीनदा झालं. तिसऱ्या वेळी बाबा पासवर्ड पुटपुटत पाठ करत खोलीभर फिरत होते, आणि मी तोंडात पदर कोंबून स्वयंपाकघरात.

चौथ्या दिवशी बाबांच्या फोनवर बँकेचा संदेश आला. नाट्यगृहाची अकरा तिकिटं, त्यांच्या कार्डावर. अख्खी मागची रांग! कार्डाचा नंबर आणि मुदत ब्राउझरने भरली होती. कार्डामागचे तीन आकडे आईंना तोंडपाठ होते, कारण बाबा टाइप करताना मोठ्याने म्हणतात.

आता मात्र त्यांनी बँकेचा नंबर शोधायला घेतला. "बँकेला फोन करून कार्ड बंद करतो. कुणी चोर आपल्या घरात शिरलाय."

मला राहवलं नाही. मी त्यांना खुर्चीत बसवलं आणि ब्राउझरच्या सेटिंगमधली यादी उघडली. एकेका साइटचं नाव, त्यापुढे ठिपके. डोळ्याच्या चित्रावर दाबलं, कॉम्प्युटरने पिन मागितला, मी मॉनिटरच्या कडेचा कागद वाचून तो दिला. सतरा अक्षरं समोर उभी राहिली. बँक, वीजबिल, टपाल, सगळं तसंच. खाली कार्ड.

"हे कुणालाही दिसतं?"

"जो खुर्चीत बसेल त्याला. पासवर्ड किती वेळा बदला, तुम्ही नवाही इथेच ठेवता."

 मग खुर्चीत कोण बसतं हे त्यांच्या लक्षात आलं असावं. "तिला कळलंय," ते म्हणाले. "आता ती सोडून देईल. परत सोडून देईल गं."

 त्या संध्याकाळी मी ती यादी रिकामी केली, कार्ड काढलं, सेव्ह करू का हे विचारणंच बंद केलं, मॉनिटरवरचा कागद फाडून पिन बदलला आणि प्रत्येकाला वेगळं खातं करून दिलं. आईंनी आपल्या खात्याचा पासवर्ड माझ्यासमोरही टाइप केला नाही.

प्रयोगाला बाबा आले. मागची रांग पूर्ण रिकामी, दहा खुर्च्यांच्या मधोमध ते एकटे. दंतवैद्य संवाद विसरला, भिंत हलली नाही. पडदा पडला, टाळ्या झाल्या, लोक माना वळवून मागे बघू लागले. बाबा उठलेच नाहीत. लोकांनी थोडा वेळ वाट पाहिली, मग हळूहळू पांगले.

आई रंगमंचावरून उतरल्या, सगळं सभागृह चालत आल्या आणि त्यांच्या शेजारच्या खुर्चीत बसल्या. मी दाराशी त्यांचे कोट घेऊन उभी होते.

"रागावलीस?" बाबांनी विचारलं. "परत सोडणार?"

"सात वर्षं मी या माणसाचं ऐकतेय," आई म्हणाल्या. "त्याने सांगितलं म्हणून भिंत पक्की केली. त्याने सांगितलं म्हणून अंक छाटले. आणि घरी विचारलं की तुम्ही म्हणता, छान. मला वाटायचं, तुम्ही बघतच नाही."

बाबांनी चष्मा पुसला, पुन्हा पुसला. "दुसरा अंक सात मिनिटं लांबलाय," ते हळूच म्हणाले.

"कुठे?"

"पत्र वाचते तिथून."

सभागृहाचा राखणदार चाव्या खुळखुळवत आला. दिवे मालवायचेत, म्हणाला. आईंनी त्याच्याकडे न बघता हात वर केला.

"थांबा जरा," त्या म्हणाल्या. "हे बोलतायत."