मऊसाहेबांची तालीम

"थांबा. परत चुकलात."

"आता काय चुकलं? मी अजून तोंडसुद्धा उघडलं नाही!"

"उघडलंत. 'या बाई, बसा, गुडघा कसा आहे' म्हणालात."

"मग? त्यांचा गुडघा दुखतो. विचारू नको?"

"रोज विचारा. आज नको. तुम्ही गुडघ्याचं विचारलंत की त्यांना वाटेल, साहेबांनी ख्यालीखुशालीला बोलावलंय. त्या सांगत बसतील, गोळ्या बदलल्या, जिना चढवत नाही. आणि मग त्याच तोंडाने तुम्ही म्हणणार, तुमची नोकरी गेली?"

"पण असं धाडकन कसं सांगायचं हो? माणूस आहे समोर!"

"माणूस आहे म्हणूनच."

सकाळची पाळी सुरू व्हायला अजून अवकाश होता. कपडे शिवण्याच्या त्या कारखान्यात खालची मशिनं गप्प होती. वरच्या ट्रेनिंगच्या खोलीत एचआरच्या मॅडम गळ्यात मोजपट्टी अडकवून खुर्चीत बसल्या होत्या. मोजपट्टी त्यांची नव्हती. ती कापडाचे आकार कागदावर काढणाऱ्या मास्तरीणबाईंची खूण, आणि आत्ता तालमीपुरत्या मॅडम मास्तरीणबाई झाल्या होत्या.

समोर उभे होते प्रॉडक्शन मॅनेजर. सगळा कारखाना त्यांना पाठीमागे मऊसाहेब म्हणायचा. कुणाची रजा नामंजूर करायची झाली तरी ते आधी त्या माणसाच्या पोरांची चौकशी करत, मग हवेचा विषय काढत, मग चहा मागवत. आणि माणूस चहा पिऊन निघून जाई, रजा मिळाली असं समजून. दुसऱ्या दिवशी तो गैरहजर. मग त्याला खुलासा विचारायची नोटीस काढायची, तीही ते दुसऱ्याकडून काढवत. कुणाशी वाईट वागायचं नाही, हे त्यांचं व्रत होतं. त्या व्रताचा त्रास इतरांना व्हायचा.

"पुन्हा," मॅडम म्हणाल्या. "मी दारातून आत आले. बसले. बोला."

मऊसाहेबांनी घसा खाकरला. "बाई, तुम्ही बघताच आहात, सध्या एकूण बाजारात जी परिस्थिती आहे, म्हणजे ऑर्डरी, आणि नवीन तंत्रज्ञान..."

"मी म्हातारी झाले."

"अं?"

"तुमचं वाक्य संपेपर्यंत. पुढे."

"बाई, खरं सांगतो, हे सांगताना मलाच जास्त त्रास होतोय."

"मग तुम्ही द्या राजीनामा. मी राहते."

"असं थोडंच बोलतील त्या!"

"मनात बोलतील. पुढे."

"बरं. तुमच्यासारख्या हाताला कुठेही काम मिळेल."

"कुठे? पत्ता द्या."

मऊसाहेब मटकन खुर्चीत बसले. सकाळी घरीही हेच झालं होतं. बायकोने त्यांचा इस्त्रीचा निळा शर्ट हातातून काढून घेतला होता. "हा घालून जाऊ नकोस. यात तू बक्षीस द्यायला चालल्यासारखा दिसतोस." त्यांनी जुना करडा घातला. पण शर्टाने काही होईना.

मॅडमनी पुढ्यातला पाण्याचा तांब्या थोडा बाजूला सारला. "सर, नीट ऐका. कंपनी कागदी पॅटर्नचं काम बंद करतेय. आता कापडाचे आकार कॉम्प्युटरवर निघतील आणि मशीन कापेल. जागा रद्द होतेय. बाई वाईट आहेत म्हणून नाही, त्यांच्या कामात खोट आहे म्हणून नाही. म्हणून त्यांच्या कामाचा विषयच काढायचा नाही. ना चुकांचा, ना कौतुकाचा. आज कौतुक केलंत तर त्या विचारतील, मग मला का काढता?"

"मग बोलू काय?"

"बोलायचं इतकंच. 'बाई, बातमी वाईट आहे. पॅटर्नचं काम बंद होतंय आणि त्यामुळे तुमची जागा रद्द झाली आहे. निर्णय पक्का आहे.' आणि गप्प."

"गप्प किती वेळ?"

"त्या बोलेपर्यंत."

"आणि त्या बोलल्याच नाहीत तर?"

"तरी गप्प. ती शांतता तुमची नाही, त्यांची आहे. तुम्ही ती भरायला गेलात की काहीतरी वचन देऊन बसाल."

हे ऐकलं आणि मऊसाहेबांचा चेहरा उतरला. मॅडमच्या ते लक्षात आलं.

"सर? काय झालं?"

"मी दिलंय."

"काय?"

"वचन. मागच्या आठवड्यात. जिन्यात." मऊसाहेब टेबलाकडे बघत बोलत होते. "बाईंना बाहेरून नोकरीचं बोलावणं आलं होतं. शाळांचे गणवेश शिवणाऱ्या एका कारखान्याकडून. तिथे अजून कागदावरच काम चालतं. त्यांनी मला थांबवून विचारलं, साहेब, त्यांना उत्तर द्यायचंय, इथे माझं काही खरं आहे का? आणि मी म्हणालो..."

"काय म्हणालात?"

"काळजी करू नका, तुमचं काही होत नाही."

मॅडमनी गळ्यातली मोजपट्टी काढून टेबलावर ठेवली. त्या आता मास्तरीणबाई राहिल्या नव्हत्या.

"मागच्या आठवड्यात? तेव्हा बाईंच्या जागेबद्दल आपल्या दोन बैठका झाल्या होत्या. दुसऱ्या विभागात जागा नाही हे तुम्हाला माहीत होतं."

"वरून अजून सही व्हायची होती."

"सर."

"हो. माहीत होतं. पण तुम्ही त्यांचा चेहरा बघायला हवा होता."

"तुम्ही चेहरा बघितलात म्हणूनच खोटं बोललात." मॅडम उठल्या, खिडकीपाशी गेल्या, परत आल्या. "ठीक आहे. आपण ठरवलेली अकराची वेळ रद्द. त्या आल्या की लगेच सांगायचं."

"लगेच? अहो, माझी तालीम..."

"त्या आज फोन करून गणवेशवाल्यांना नाही म्हणाल्या तर? एकेक मिनिट त्यांचं जातंय, तुमचं नाही. आणि जिन्यातलं त्यांनी विचारण्याची वाट बघू नका. बातमी सांगा, त्यांना श्वास घेऊ द्या, मग तुमची चूक एका वाक्यात कबूल करा. माफी मागायची तर मागा. पण 'माफ केलंत ना' असं विचारायचं नाही. आज त्यांच्या डोक्याला पुरेसं आहे. त्यात तुम्हाला सांभाळायचं काम त्यांच्यावर टाकू नका."

"आणि त्यांनी आधीच नाही सांगून टाकलं असेल तर?"

मॅडमनी बाईंचं पत्र पाकिटात घातलं.

खाली मशिनं सुरू झाली. जमीन थरथरू लागली. मॅडमनी पडदे ओढले, फोन बंद केला, पाणी आणि रुमाल हाताशी येईल पण अंगावर येणार नाही असे ठेवले. खोली त्यांनी मुद्दाम वरची निवडली होती. मऊसाहेबांच्या केबिनला काच होती, आणि काचेपलीकडे शिवणाऱ्या बायकांच्या रांगा. तिथून रडक्या डोळ्यांनी बाहेर पडायचं म्हणजे वरात. वरच्या खोलीला मागचा जिना होता. माइकवरून नाव पुकारायचं नाही, हेही त्यांनी बजावलं. त्या स्वतः खाली गेल्या, सोबत कुणाला आणायचं असेल तर आणा, असं सांगून बाईंना घेऊन आल्या.

बाईंनी सोबत कुणाला आणलं नव्हतं. गळ्यात मोजपट्टी, कानामागे खडू. मऊसाहेब या कारखान्यात शिकाऊ म्हणून लागले तेव्हा कापड कसं धरायचं ते त्यांना बाईंनी शिकवलं होतं. त्यांनी कापलेली पहिली कॉलर उलटी निघाली, तेव्हा बाई म्हणाल्या होत्या, "अरे, ही घालून माणूस मागे चालेल." पण ते मॅनेजर झाले त्याच सकाळी बाईंनी 'अरे' सोडलं आणि 'साहेब' धरलं. मऊसाहेबांनी किती विनवलं, तरी नाही.

"बोलावलंत, साहेब?"

मऊसाहेबांच्या ओठांवर गुडघा आला. त्यांनी तो गिळला.

"बसा, बाई. बातमी वाईट आहे. पॅटर्नचं काम कंपनी बंद करतेय. त्यामुळे तुमची जागा रद्द झाली आहे. निर्णय पक्का आहे."

आणि ते गप्प बसले. आयुष्यात पहिल्यांदा.

बाईंनी कानामागचा खडू काढला, टेबलावर ठेवला, तो घरंगळला, त्यांनी धरला. खालच्या मशिनांचा आवाज खोलीभर झाला. मऊसाहेबांना वाटलं, आता काहीतरी बोलावं, निदान पाणी द्यावं. मॅडमनी मान किंचित हलवली. नाही.

"कधीपासून?" बाईंनी विचारलं.

मॅडमनी शेवटचा दिवस सांगितला. मग हळूहळू बाकीचं: हातात काय पडेल ते सगळं या पत्रात आहे, दुसरं काम बघायला मधे सुट्टी मिळेल, निर्णय चुकीचा वाटला तर कुणाकडे दाद मागायची तेही लिहिलंय. आज सगळं डोक्यात राहणार नाही, म्हणून परवा पुन्हा बसू. आज लगेच घरी जायचं असेल तरी चालेल.

बाईंनी पत्र घेतलं, उघडलं नाही. दोघांकडे आळीपाळीने पाहिलं.

"बसवलंय ना तुम्ही हे?"

"अं?" मऊसाहेब.

"साहेब एवढं सरळ कधी बोलत नाहीत. तालीम केलीत तुम्ही. माझं काम कोणी केलं?"

"मी," मॅडम म्हणाल्या.

"रडलात?"

"नाही."

"बरं केलंत. मीही नाही रडणार."

कुणीतरी हसायला हवं होतं. कुणी हसलं नाही.

"बाई," मऊसाहेब म्हणाले, "जिन्यात मी तुम्हाला म्हणालो होतो, काळजी करू नका. ते खोटं होतं. माझी चूक आहे."

बाईंचा हात खडूवर थांबला. त्यांनी प्रथमच त्यांच्याकडे नीट पाहिलं, कापड उजेडाला धरून बघावं तसं.

"तुला माहीत होतं?"

बाईंच्या तोंडून पुन्हा 'तू' आलं होतं. कित्येक वर्षं हाच शब्द परत मिळावा म्हणून मऊसाहेब आसुसले होते.

"हो. माहीत होतं."

"मी विचारलं तेव्हा?"

"तेव्हाच."

"मग नुसतं 'सांगता येत नाही' म्हणाला असतास. मी समजले असते. मी काय तुला नोकरी मागत होते? त्यांना काय उत्तर देऊ, एवढंच विचारलं होतं."

"माझ्याने बोलवलं नाही, बाई."

"काल फोन केला मी त्यांना. नाही म्हणून सांगितलं. म्हटलं, आमच्या साहेबांनी शब्द दिलाय."

मॅडमनी डोळे मिटले. मऊसाहेबांनी टेबलाची कड घट्ट धरली. जे शिकवलं होतं ते सगळं संपलं होतं.

बाई उठल्या. गुडघ्यावर हात टेकून, सावकाश. खडू कानामागे गेला, पत्र बगलेत. दाराशी पोचल्या तेव्हा मऊसाहेब खुर्ची मागे ढकलून उभे राहिले.

"बाई, मी बोलू त्यांच्याशी? गणवेशवाल्यांशी? सांगतो की चूक माझी होती, तुमची नाही. आत्ता लावतो फोन. लावू?"

बाईंनी कडी काढली. मशिनांचा आवाज एकदम आत आला. मागचा जिना मोकळा होता. त्या पुढच्याने निघाल्या, सगळ्या रांगांसमोरून, मोजपट्टी गळ्यात तशीच. मऊसाहेब हातात फोन धरून उभे होते.