निजलेलं लेकरू आणि माझा डावा कान

माहेरचं बाळंतपण आटोपलं की लेकीला आणि बाळाला सासरी पोचवायला बापानं जायचं, ही आमच्याकडची रीत. लेक बंगळुरूची, त्यामुळे अमरावतीहून नागपूरपर्यंत गाडी आणि पुढे विमान. बायको जाऊन तीन वर्षं झाली, म्हणून बाळंतपण केलं माझ्या अकोल्याच्या बहिणीनं. परत जाताना तिनं मला लसणाच्या तेलातला कापूस दिला आणि ताकीदही दिली, ‘निजलेल्या लेकराले उठवू नोको, तुले सवय आहे.’

माझं नाक दोन दिवसांपासून चोंदलं होतं. लेक म्हणाली, ‘बाबा, तिकीट पुढे ढकलू का? सर्दीत कान लई दुखते.’

मी म्हटलं, ‘अचलपूरच्या एसटीत ताप घेऊन बसत होतो मी. विमानाचं काय घेऊन बसली.’

तिनं औषधवाल्याकडून नाकात टाकायचे थेंब आणून दिले. उतरायच्या अर्धा-पाऊण तास आधी टाका, असं दोनदा बजावलं. बाटली सांडू नये म्हणून मी ती मोठ्या बॅगेत नीट गुंडाळून ठेवली, आणि मोठी बॅग विमानाच्या पोटात गेली. कानात मात्र कापूस होता.

विमान खाली यायला लागलं तेव्हा चार महिन्यांचा नातू तिच्या मांडीवर गाढ झोपला होता.

‘बाबा, याले उठवून पाजू का? डॉक्टरनं सांगितलं होतं, उतरताना काहीतरी चोखत राहिला पाहिजे.’

‘निजला आहे त निजू दे न बाई.’

लेकीनं माझं ऐकलं. पाच मिनिटांत नातू जो किंचाळत उठला, तो मागच्या रांगेपर्यंत ऐकू गेला. इकडे माझ्याही डाव्या कानात कोणीतरी सुई खुपसली. मी नाक दाबून, गाल फुगवून, जीव खाऊन फुंकलं.

‘जोरात नका फुंकू,’ ती बाळाला पदराखाली घेत म्हणाली. ‘पडद्याले इजा होते. नाक दाबा अन् नुसतं गिळा. जांभई द्या. तो कापूस काढा आधी, कळ पडद्याच्या आतल्या बाजूनं आहे.’

नातू आधी तोंड फिरवत होता. मग दूध ओढायला लागला, आणि एकेका घोटागणिक त्याचं रडणं उतरत गेलं. मी पंचवीस वर्षं शाळेत हवेचा दाब शिकवला. खाली येताना बाहेरचा दाब वाढतो, कानाच्या आत कमीच राहतो, आणि नाकामागून कानाकडे जाणारी बारीक नळी गिळताना उघडली तरच तो बरोबर होतो. बाळाची नळी तर अरुंद, आणि झोपेत ते गिळणार किती? फळ्यावर मला सगळं येत होतं. नातवाच्या गालावरचे ओघळ पुसताना मात्र मला मान वर करवेना.

त्याचा कान मोकळा झाला, माझा झाला नाही. सर्दीनं नळी सुजलेली. कानाच्या डॉक्टरांनी बघून सांगितलं, पडदा शाबूत आहे पण आत ओढला गेलाय, मागे पाणी साचलंय. औषध घ्या, आणि कान मोकळा होईपर्यंत विमानात बसू नका.

परतीचं तिकीट दोन दिवसांनंतरचं होतं, ते रद्द झालं. लोकांना कान दुखल्याचं वाईट वाटतं. मला, आता सांगायला हरकत नाही, बरं वाटलं. सकाळी नातवाला उन्हात घेऊन बसायचं, लेकीच्या हातची भाकर खायची, आणि कोणी विचारलं की डाव्या कानाकडे बोट दाखवायचं. अमरावतीत राजापेठेतल्या माझ्या घरात आठ-आठ दिवस दोन्ही कान चांगले असून ऐकण्यासारखं काही नसतं.

सहाव्या दिवशी चहा गिळताना कानात पुटकन झालं आणि कुकरच्या शिट्टीपासून नातवाच्या उचकीपर्यंत सगळं आत आलं. मी कोणाला बोललो नाही. त्या दिवशी नाही, दुसऱ्या दिवशीही नाही.

तिसऱ्या दिवशी लेक माझ्या डाव्या बाजूला भाजी निवडत बसली होती. पुटपुटल्यासारखं म्हणाली, ‘भाजीत तिखट जास्त टाकू का?’

‘टाक न,’ मी म्हटलं.

तिनं हातातली जुडी खाली ठेवली. ‘कधी उघडला?’

‘परवा.’

तिनं हसायला पाहिजे होतं. ती म्हणाली, ‘राहा म्हटलं असतं मी, बाबा. कान कायले पाहिजे त्याले?’

मला ते उत्तर अपेक्षित नव्हतं, आणि लेकीसमोर डोळे भरून आलेले दाखवायची आमच्यात रीत नाही. मी म्हटलं, ‘डॉक्टरले दाखवून घेतो अन् तिकीट काढ.’ डॉक्टर हो म्हणाले. ती आणखी चार दिवस म्हणत होती, मी नाही म्हटलं. का म्हटलं, ते अजून कळलं नाही.

नागपूरला उतरताना मी जागा होतो, घोट घोट पाणी गिळत होतो. कान एकदाही दुखला नाही. शेजारची खुर्ची रिकामी होती, त्यामुळे हे कोणाला सांगताही आलं नाही.