दोन फुलं आणि जोडलेले हात

कामरगावात आमच्या दुकानाच्या माडीवर मी वऱ्हाडी पॉडकास्ट करतो. भागाच्या नावापुढे इमोजी लावायची मला भारी हौस. ॲपच्या यादीत आपला भाग उठून दिसला पाहिजे, एवढीच अक्कल.

लग्नाच्या बँडात क्लॅरिनेट वाजवणाऱ्या काकांची मुलाखत घेतली. आदर म्हणून नावाच्या सुरुवातीला 💐🙏 लावलं. पुढे लिहिलं, ‘कामरगावच्या बँडचे काका, आयुष्यभराच्या फुंकरीला सलाम’. भागाला त्यांचा फोटो जोडला. त्यांना दीर्घायुष्य लाभो, असंही खालच्या माहितीत लिहिलं होतं.

सकाळी भाग चढवला आणि लिंक गावभर पाठवली. पुण्याला राहणाऱ्या त्यांच्या मुलालाही पाठवली. बापलेकांचं बोलणं बंद, पण हा गावची आठवण म्हणून माझा प्रत्येक भाग ऐकायचा.

यादीत लांब नाव मावत नाही, ते कापलं जातं. उरलं एवढंच: फोटो, फुलं, जोडलेले हात आणि ‘कामरगावच्या बँडचे काका…’. माहिती तर उघडल्याशिवाय दिसतच नाही. आमच्याकडे मेलेल्या माणसाचं स्टेटस नेमकं असंच असतं. हे मला कळायला हवं होतं की नाही?

दुपारपर्यंत काकांच्या दारात गर्दी जमली. धनजहून बहीण जीपनं रडत आली आणि ओट्यावर चहा पिणाऱ्या भावाला बघून मटकन खाली बसली. मी धावत जाऊन फुलं आणि हात काढून टाकले. एका ॲपवर नाव लगेच बदललं, दुसऱ्यावर संध्याकाळपर्यंत जुनंच राहिलं.

मी माफी मागायला गेलो. मेल्याहून मेल्यासारखं झालं होतं. काका मात्र मजेत होते.

“कायले रडतं बे! मले आज समजलं, माह्यासाठी किती लोक येतात ते.” मग हळूच म्हणाले, “पुण्यावाल्याले दिसलं असन काय रे?”

तो कोणतं ॲप वापरतो, मला माहीत होतं. त्यात मी सकाळीच पाहिलं होतं. फुलं अगदी ठसठशीत दिसत होती.

“नाही काका,” मी म्हणालो, “त्याच्या ॲपात हे चित्रं दिसतच नाहीत. नुसते चौकोन येतात.”

“हां, मंग बराबर हाये,” काका म्हणाले. “दिसलं असतं त आला असता.”

मी मान डोलावली. मला स्वतःची लाज वाटली, आणि त्या पोराचा संतापही आला. सकाळी पाठवलेल्या लिंकखाली त्याचं उत्तर आलं होतं. फोन नाही, एक शब्दही नाही. नुसतं 🙏.