मामांनी कातरलेल्या कडा

आमच्या सरकारी दवाखान्याच्या अपघात विभागात मामा ड्रेसर होते. कागदोपत्री त्यांचं काम पट्ट्या बांधण्याचं. टाके घालणं डॉक्टरांचं. पण टाके घालण्यात मामांचा हात धरणारा कुणी नव्हता, हे डॉक्टरांना ठाऊक होतं, त्यामुळे कागद कपाटात राहायचा आणि सुई मामांच्या हातात.

मामांना एकच गर्व होता, आपण शिवलेल्या जखमेचा व्रण दिसत नाही. बसच्या रांगेत कुणाच्या कपाळावर जाडजूड व्रण दिसला तर सरळ विचारायचे, "हा कुणी शिवला हो?" मामी म्हणायच्या, "यांच्याबरोबर बाहेर जायची सोय नाही, माणसाचं तोंड बघायच्या आधी ह्यांना टाके दिसतात." मी नोकरीत नवीन डॉक्टर, माझे टाके वेडेवाकडे. मामा बघायचे आणि एक लांब श्वास सोडायचे. तो श्वास मला शिवीपेक्षा जास्त लागायचा.

त्या दुपारी मजुरांचा टेम्पो उलटून चौदा जण एकदम आले. त्याच गर्दीत एक हवालदार पोलिसांचं पत्र घेऊन एका बाईला घेऊन आला. ती इस्त्रीवाली होती. नवरा गेल्यावर घराच्या पुढच्या खोलीत इस्त्रीचं टेबल टाकून ती दोन मुली सांभाळत होती, आणि धाकट्या दिराला ती खोली हवी होती. तिचं डोकं फुटलं होतं, पदर रक्तानं भिजला होता. मी एका मजुराच्या छातीत नळी घालत होते. ओरडून म्हटलं, "मामा, त्या बाईंचं बघा."

मी मोकळी झाले तेव्हा टाके घालून झाले होते. मी टाक्यांवर मोजपट्टी धरली, लांबी मोजली, सहा सेंटिमीटर. विचारलं, "मामा, कडा कशा होत्या?"

"एकदम स्वच्छ, मॅडम. हाडापर्यंत खोल." आवाजात तो नेहमीचा गर्व.

मी पोलिसांना द्यायच्या जखमेच्या दाखल्यावर लिहिलं: डोक्याच्या डाव्या बाजूला कापलेली जखम, कडा स्वच्छ, खोली हाडापर्यंत, हत्यार धारदार, दुखापत साधी. काय झालं या रकान्यात एकच शब्द, मारहाण. कुणी केली, कशानं केली, हे तिनं सांगितलं असेलही, मी लिहिलं नाही. बाहेर अजून सहा जण विव्हळत होते. सही केली, शिक्का मारला आणि विसरले.

दीड वर्षानं कोर्टाचं समन्स आलं. सरकारी वकील बाईंनी व्हरांड्यात फाइल उघडली आणि माझ्या दाखल्यावर बोट ठेवलं.

"डॉक्टर, जप्त केलाय फावड्याचा दांडा. लाकडाचा. फिर्यादी, ती इस्त्रीवाली, पहिल्या दिवसापासून दिरानं दांड्यानंच मारलं म्हणतेय. तुम्ही धारदार हत्यार कुठून आणलंत?"

पोलिसांनी तो दांडा मला कधी दाखवलाच नव्हता, तो दाखवून माझं मत मागवायला हवं होतं.

"घरातले बाकी साक्षीदार फुटलेत," त्या म्हणाल्या. "आता फक्त ती आणि तुमचा कागद. दीर म्हणतो, ती मोरीत घसरून पत्र्याच्या कडेवर पडली. तुमचा कागद त्याच्या बाजूनं बोलतोय. जामिनाची अट म्हणून तो सध्या त्या गल्लीत येत नाही. सुटला की त्याच घरात परत येणार."

साक्ष दुसऱ्या दिवशी होती. मी तशीच दवाखान्यात गेले. मामा कापसाचे बोळे करत बसले होते. सगळं सांगितलं. त्यांचे हात थांबले.

"कडा चेचलेल्या होत्या, मॅडम. केस आत घुसले होते, माती होती. ते तसंच शिवलं तर व्रण वाईट येतो. मी कात्रीनं कडा कातरून सरळ केल्या." मग म्हणाले, "तुम्ही विचारलंत तेव्हा कडा स्वच्छच होत्या."

चेचलेल्या कडा म्हणजे बोथट मार, आणि दांड्याचा तोच पुरावा कातरला गेला होता. मला त्यांचा राग आला आणि त्याहून जास्त स्वतःचा. त्यांनी आयुष्यभर जे चांगलं काम म्हणून केलं तेच केलं होतं. बघायचं काम माझं होतं, आणि मी न बघता लिहिलं होतं.

कोर्टात सरकारी वकिलांनी दांडा दाखवून विचारलं, अशी जखम यानं होऊ शकते का. मी म्हटलं, होऊ शकते. डोक्याला कातडीखाली लगेच हाड असतं, त्यामुळे बोथट मारानंही कातडी कापल्यासारखी फाटते. हे खरंच आहे, पुस्तकात आहे. मग बचावाचे वकील उठले, अगदी मऊ आवाजाचे गृहस्थ.

"हे दाखल्यात लिहिलंय?"

"नाही."

"दाखल्यात काय लिहिलंय?"

"धारदार हत्यार."

"टाके घालायच्या आधी तुम्ही जखम पाहिली होती?"

खोटं बोलता आलं असतं. समोर इस्त्रीवाली बसली होती, आणि मी हो म्हणावं असं तिच्या डोळ्यांत स्पष्ट दिसत होतं. मी शपथ घेतली होती. "नाही," म्हटलं, आणि मामांनी काय केलं तेही सांगितलं. वकील म्हणाले, "म्हणजे न पाहिलेल्या जखमेचा दाखला. आणखी काही विचारायचं नाही."

सरकारी वकिलांनी अर्ज देऊन मामांना साक्षीला बोलावलं. मामा इस्त्रीचा सदरा घालून आले. आपण काय पाहिलं, काय कातरलं, सगळं सरळ सांगितलं.

"शिक्षण?" बचावाच्या वकिलांनी विचारलं.

"सातवी."

"टाके घालायचा तुम्हाला अधिकार आहे?"

"नाही."

"कडा कातरल्याची कुठे नोंद? फोटो?"

"नाही, साहेब. तीस वर्षं जखमा बघतोय, तेवढीच नोंद."

मग न्यायाधीशांनी इस्त्रीवालीला जवळ बोलावलं. तिनं केस बाजूला केले. न्यायाधीशांनी चष्मा वर करून वाकून पाहिलं, आणि बराच वेळ त्यांना काही सापडेना. शेवटी एक सरळ, केसाइतकी बारीक रेघ दिसली, तशीच नोंद झाली. मी मामांकडे पाहिलं. त्यांनी मान खाली घातली होती. इतकं सुंदर काम मी पुढे कुणाचं पाहिलं नाही, आणि त्या दिवशी मला ते बघवलं नाही.

पंधरा दिवसांनी निकाल लागला. फिर्यादीशिवाय प्रत्यक्ष पाहणाऱ्या कुणाची साक्ष नाही, त्यातून घराच्या पुढच्या खोलीवरून वाद, आणि वैद्यकीय पुरावा तिच्या सांगण्याशी जुळत नाही. म्हणून संशयाचा फायदा देऊन दीर सुटला. निकालात माझ्यावर दोन ओळी होत्या, त्या मला पाठ आहेत, इथे लिहीत नाही. मामांना खात्याची नोटीस आली आणि निवृत्तीपर्यंत त्यांना पट्ट्यांवर बसवलं.

निकालाच्या दिवशी आम्ही दोघं कोर्टाच्या पायऱ्यांवर उभे होतो. इस्त्रीवाली मुलींना घेऊन खाली उतरली. दीर पुढे गेला होता, त्यांच्याच गल्लीच्या दिशेनं. मामांनी हात जोडले. म्हणाले, "माझ्यामुळे झालं, ताई."

ती थांबली. रागावली नव्हती. दुकानात एखादी गोष्ट सांगावी तसं ती म्हणाली, "तुम्ही चांगलंच शिवलंत, मामा. पुढच्या वेळी मी आले की आधी मॅडमना दाखवा, मग शिवा."

मुलींचे हात धरून ती त्याच वाटेनं निघाली.