वाकडी करंगळी

मला आकाशाच्या फोटोंचा मनापासून वीट आला आहे. हवामान कार्यालयात नोकरीला लागलो आणि सगळ्या गणगोताला वाटू लागलं की मी ढग बघायलाच जन्माला आलो. कुणी सूर्यास्त पाठवतं, कुणी रंग भडक करून पाठवतं, कुणी खाली गुलाबाचं फूल चिकटवून विचारतं, "भाऊ, उद्या पाऊस आहे का?" त्या गुलाबाची मला शिसारी येते.

माझ्या शेजारच्या टेबलावर बाई बसतात. नाव कुणी घेत नाही, नुसतं 'बाई'. त्यांच्याकडे आसपासच्या ठाण्यांवरून रोज सकाळी आकाशाचे फोटो येतात आणि त्यावरून त्या दिवसाचा अंदाज लिहितात. उपग्रहाच्या चित्रात ढग वरून दिसतात, पोटाकडून आणि बाजूने नाही. म्हणून हे फोटो. बाईंचा एकच हट्ट असतो. फोटोत करंगळी दिसली पाहिजे, हात पूर्ण लांब ताणून ढगासमोर धरलेली.

त्याला कारण आहे. फोटोत ढगाचा आकार कळत नाही. डोक्यावरचा पुंजका करंगळीआड झाकला गेला, तर तो फार उंचावरचा, बर्फाच्या कणांचा. त्या दिवसाला त्याचा सहसा त्रास नाही. करंगळीपेक्षा मोठा पण तीन बोटांत मावणारा, तर मधल्या उंचीवरचा. तीन बोटांच्याही बाहेर सांडला, तर खालच्या थरातला, फार तर रिपरिप करणारा. क्षितिजालगतचे मात्र मोजायचे नाहीत, ते लांब असल्याने लहानच दिसतात. आणि मधल्या उंचीच्या पुंजक्यांना सकाळी वर बुरूज फुटलेले दिसले, एका ओळीत, किल्ल्याच्या तटासारखे, तर बाई चहा तसाच ठेवतात. वरची हवा अस्थिर आहे, दुपारी गडगडाट आणि गारा येऊ शकतात, असा त्याचा अर्थ.

डोंगरापलीकडे बिनइंजिनाच्या विमानांचं, म्हणजे ग्लायडरचं मैदान आहे. आमच्याकडून 'हरकत नाही' गेल्याशिवाय तिथे उड्डाण होत नाही. बाईंचा एकुलता एक मुलगा तिथेच शिकतो. मी सांगतोय त्या दिवशी त्याची लांबच्या उड्डाणाची, एकट्याने द्यायची परीक्षा होती. परीक्षक बाहेरून आलेला, दिवस एकच. चुकलं की पुढचा हंगाम. बाई आठवडाभर हे कुणाला सांगत नव्हत्या, आणि म्हणूनच सगळ्यांना माहीत होतं.

सकाळी मैदानाचा फोटो आला. बारीक बारीक पांढरे दाणे, वर इवलेसे बुरूज, आणि समोर करंगळी. प्रत्येक दाणा करंगळीच्या आड आरामात मावत होता.

"उंचावरचे आहेत," मी म्हणालो. "पाठवून टाकू का? पोराचा दिवस आहे."

आदल्या दिवशीचा फोटो बाईंनी पडद्यावर शेजारी लावला. दोन्हींत मैदानाच्या कोपऱ्यातला, वारा दाखवणाऱ्या पिशवीचा खांब होता.

"खांब बघ," त्या म्हणाल्या.

"सारखाच आहे."

"म्हणजे फोटो जवळ ओढलेला नाही. आता बोट बघ."

बोट कालच्यापेक्षा दुप्पट जाड होतं. कडा धूसर होत्या. हात लांब नव्हताच. कोपर दुमडून करंगळी कॅमेऱ्याच्या नाकाशी धरली होती. बोट जवळ आलं की जाड दिसतं आणि त्याच्यामागे काहीही मावतं. बाईंनी खांब तोच धरून, कालच्या बोटाच्या मापाने पुंजक्यांची रुंदी पुन्हा काढली. करंगळीपेक्षा चांगले मोठे, दीड बोटाएवढे. मधल्या उंचीचे. आणि वर बुरूज.

आळस असेल, असं मी म्हणणार होतो, तेवढ्यात माझंही लक्ष गेलं. ती करंगळी वरच्या पेरात बाहेरच्या बाजूला वळलेली होती. लहानपणी दारात चेमटलेली. तो पोरगा आमच्या कार्यालयात वाढला, ते वाकडं बोट इथल्या सगळ्यांनी पाहिलंय. आणि हात लांब कसा धरायचा, हे बाईंनी त्याला गच्चीवर उभं करून शिकवलं होतं. त्याला आळस नव्हता. त्याला नियम पाठ होता, म्हणूनच तो मोडता आला.

बाईंनी फोटो बंद केला आणि ओंजळीने नाक-तोंड झाकलं. घाण वास यावा तसं.

मग त्यांनी मैदानाच्या व्यवस्थापकाला फोन लावला. "आज उड्डाणं बंद. विमानं दुपारच्या आत दोरांनी बांधून ठेवा."

तिकडून तो इतका ओरडला की मला शब्द न् शब्द ऐकू आला. "बाई, आकाश निळंशार आहे! परीक्षक बसलेत! तुमच्या मुलाचंच उड्डाण आहे, जरा तरी आईपणाचा विचार करा!"

"फोटोतलं बोट खोटं आहे," बाई म्हणाल्या.

"कुणाचं बोट?"

मला वाटलं, आता बाई टाळतील. मी असतो तर टाळलं असतं.

"माझ्या मुलाचं. लेखी कळवते."

दुपारी खिडकीतून आम्ही डोंगराकडे पाहिलं. सकाळचे बुरूज विरून गेले होते आणि त्याच भागात फुलकोबीसारखा ढीग वर चढत होता. त्याचं डोकं चपटं होऊन ऐरणीसारखं एका बाजूला पसरलं. खालून तो काळा पडला. मग डोंगर दिसेनासा झाला. मैदानावर गारा पडल्या, एका रिकाम्या छपराचे पत्रे उडाले. बांधलेली विमानं जागच्या जागी राहिली.

संध्याकाळी व्यवस्थापकाचा पुन्हा फोन. सकाळचा तो राक्षस आता लोण्याचा गोळा झाला होता. "बाई, देवासारख्या धावून आलात हो! पोरगं तर वरच असतं तेव्हा. आता ते लेखी वगैरे जाऊ द्या, घरचंच आहे ना?" असल्या माणसांचा मला उबग येतो. बाईंनी "लेखी गेलंय" म्हणून फोन ठेवला.

"किळस आली रे मला," त्या माझ्याकडे न बघता म्हणाल्या. "गारांची नाही. हीच करंगळी माझ्या हातात देऊन तो चालायला शिकलाय, आणि आता तीच मला फसवायला पुढे करतो."

दुसऱ्या दिवशी पोरगा आला. उंच, खाली मान. दारातच उभा राहिला.

"आई, व्यवस्थापक म्हणाले की तू माझं नाव लिहून दिलंस. आता वर्षभर मला विमानाला हात लावू देणार नाहीत."

"हो."

"मला फक्त एकदाच जायचं होतं. मला वाटलं, ढग तर बारीकच आहेत."

"बारीक आहेत, हे तुला वाटलं असतं तर तू हात लांब धरला असतास."

मला तिथून उठून जावंसं वाटत होतं, पण उठलो नाही.

"हात लांब कर," बाई म्हणाल्या.

त्याने केला. पूर्ण, कोपर सरळ. ती वाकडी करंगळी खिडकीसमोर उभी राहिली. बाईंनी तिच्याकडे नीट बघितलं, रोज फोटोतल्या बोटाकडे बघतात तसं.

"हे कालही जमत होतं," त्या म्हणाल्या आणि पुढचा फोटो उघडला.

तो कधी निघून गेला ते मी पाहिलं. बाईंनी पाहिलं नाही, किंवा तसं दाखवलं तरी.

आता मैदानाचा फोटो दुसरंच कुणीतरी पाठवतं. बोट सरळ, हात लांब. आज वर नुसते केसांसारखे पांढरे तंतू होते, पातळ, विखुरलेले. खाली काहीच नाही. वारा मंद. असा दिवस उडायला मागून मिळत नाही. बाई त्या बोटाकडे गरजेपेक्षा जास्त वेळ बघत बसल्या. मग त्यांनी लिहिलं, "उड्डाणाला हरकत नाही."