टिचकीबाईंचा निळा रंग

हॉस्पिटलांच्या चादरी धुणाऱ्या त्या लॉन्ड्रीत तिला सगळे टिचकीबाई म्हणत. ब्युरेटच्या, म्हणजे थेंब मोजून सोडायच्या काचेच्या नळीच्या, तोटीत बुडबुडा अडकला की ती नखाने अशी टिचकी मारायची, की बुडबुडा तर निघायचाच, पण पलीकडे डुलक्या घेणारा कारकूनही दचकून फाइल चाळायला लागायचा. ती इथे चादरींच्या घड्या घालायला आली होती. घड्या घालता घालता जुन्या केमिस्टच्या टेबलाकडे टक लावून बघायची. तो बिचारा रोजच्या टकटकीला कंटाळला आणि म्हणाला, "बस इथे, शीक, पण माझ्या मानेवर श्वास सोडू नकोस." तो निवृत्त झाला आणि टेबल तिचं झालं. खुर्चीसुद्धा त्याचीच, एक पाय लंगडा.

तिचं काम एका वाक्यात सांगता येतं, पण ती कधीच एका वाक्यात सांगत नसे. बॉयलरला जड पाणी चालत नाही, नळ्यांच्या आत पांढरा थर धरतो. म्हणून आधी पाणी मृदू करायच्या यंत्रातून काढायचं आणि ते खरोखर मृदू झालंय का ते तिने सांगायचं. पंचवीस मिलिलिटर नमुना घ्यायचा, तेवढंच डिस्टिल्ड पाणी घालून वाढवायचा, डोळ्यांत पाणी आणणारं अमोनियाचं बफर टाकायचं, मग चिमूटभर काळी पूड. पाण्यात कॅल्शियम-मॅग्नेशियम असलं की पूड त्यांना चिकटते आणि रंग डाळिंबाच्या रसासारखा लाल होतो. वरून ब्युरेटमधलं ईडीटीएचं द्रावण थेंब थेंब सोडायचं. ते एकेकाला पुडीच्या मिठीतून ओढून काढतं, आणि शेवटचाही सुटला की पूड एकटी पडते, निळीशार होते. तिच्या द्रावणाचा एक मिलिलिटर म्हणजे एक मिलिग्रॅम कॅल्शियम कार्बोनेट. दर लिटरला हिशेब करायचा, झालं. बॉयलरला लिटरमागे पाच मिलिग्रॅमच्या वर चालायचं नाही.

"निळा म्हणजे निळा," ती म्हणायची. "जरासुद्धा जांभळी झाक दिसली तर अजून एक थेंब." या एका रंगावर तिचा इतका ताठा होता, की कापडाच्या दुकानात तिने दुकानदाराला "हा निळा नाही, हा अजून व्हायचाय" असं सुनावलं होतं.

तिचा नवरा त्याच लॉन्ड्रीत बॉयलरवर होता. भला माणूस, पण चहाच्या बाबतीत चोखंदळ. दुपारी तो तिच्यासाठी कपभर चहा टेबलावर आणून ठेवायचा. अलीकडे त्या चहाला काय चव आली होती! वर तवंग नाही, रंग लखलखीत. तिने तोंडभरून कौतुक केलं होतं. लग्न झाल्यापासून तिने केलेलं हे बहुधा दुसरं कौतुक असावं.

पण गेले काही आठवडे तिचे ग्रह फिरल्यासारखे झाले होते. मृदू पाण्याचा आकडा तीसच्या आसपास येऊ लागला. तिने मेकॅनिकला फैलावर घेतलं. त्याने यंत्र मिठाच्या पाण्याने धुतलं, पुन्हा धुतलं, आतली पाणी मृदू करणारी राळ तपासली. आकडा जागचा हलेना. शेवटी मॅनेजरने बाजारातून जडपणा तपासायच्या कागदी पट्ट्या आणल्या, यंत्रातून आलेल्या पाण्यात सरळ बुडवल्या. पट्ट्या म्हणाल्या, पाचच्या आत.

"बाई, यंत्र ठीक आहे," मॅनेजर खाली मान घालून म्हणाला. "तुमचे डोळे एकदा दाखवून घ्या. या वयात निळा रंग उशिरा दिसतो म्हणे. म्हणून थेंब जास्त जात असतील. पुढच्या आठवड्यापासून पट्ट्याच वापरू. तुम्ही पुन्हा घड्यांच्या विभागात या, तिथे बसून काम आहे."

तिला रडू आलं, आणि रडू आल्याचा त्याहून जास्त राग आला. टेबल गेलं तर मग ती कोण? घरी ती निळे रंग शोधत बसली. बादली, चप्पल, साबणाचा कागद. सगळं निळं दिसत होतं, पण आता तिचाच तिच्यावर भरवसा उरला नव्हता. नवरा तर इतका हळवा झाला, की जिन्यावरून तिचा हात धरून तिला उतरवायला लागला.

"सोडा हात, मी काय आंधळी झाले?" ती खेकसायची.

"पायरी आहे गं," तो म्हणायचा, आणि सोडायचा नाही.

टेबल सोडायच्या दिवशी मॅनेजर आणि मेकॅनिक दोघेही तिच्यासमोर उभे राहिले. नवरा दुपारचा चहा घेऊन दारात. तिने शेवटची चाचणी केली. शून्य पूर्णांक आठ मिलिलिटरला रंग फिरला. लिटरला बत्तीस.

"पुन्हा बत्तीस," मॅनेजर पुटपुटला. "बाई, आधीच निळं झालं असेल."

"आधी?" तिचं डोकं फिरलं. "थांबा. तुम्हाला निळा म्हणजे काय ते दाखवते. नुसतं डिस्टिल्ड पाणी घेते, त्यात जडपणा औषधालाही नाही. पूड पडल्या पडल्या निळं होईल. तो रंग डोळ्यांत भरून घ्या आणि मग माझ्याशी बोला."

तिने टेबलाजवळच्या डिस्टिल्ड पाण्याच्या कॅनमधलं पन्नास मिलिलिटर ओतलं, बफर टाकलं, पूड टाकली, आणि फ्लास्क त्यांच्या नाकापुढे धरला.

फ्लास्क लालभडक झाला.

तिने ब्युरेटची तोटी सोडली. दीड मिलिलिटरला निळं झालं. तिने मनात हिशेब केला आणि खुर्चीत बसली, लंगड्या पायावर खुर्ची कलली. "या डिस्टिल्ड पाण्यात लिटरला तीस आहेत," ती म्हणाली. "नमुन्यात मी त्याच्याइतकंच हे पाणी घालते, म्हणजे बत्तीसातले तीस माझ्याच कॅनचे. तुमच्या यंत्राचे दोन." मेकॅनिकने एवढा मोठा सुस्कारा सोडला, की कारकून पुन्हा दचकला.

"पण कॅन सीलबंद येतो," मॅनेजर म्हणाला.

दारातला कप बशीवर किणकिणला.

"अहो?" ती वळून म्हणाली.

"नळाच्या पाण्याने किटलीत पांढरं साचतं गं," नवरा म्हणाला. "म्हणून कॅन आला की तुझ्या टेबलाशी आणून ठेवायच्या आधी सील काढून दोन लिटरची बाटली भरून घ्यायचो. आठवडाभर आपल्या दोघांचा चहा व्हायचा. कमी दिसू नये म्हणून तेवढं नळाचं भरून ठेवायचो. पाण्यात पाणी, कुणाला काय कळणार!"

"वीस लिटरांत दोन लिटर नळाचं!" ती ओरडली. "आणि नळाला लिटरला तीनशे! माझे डोळे, माझं टेबल, आणि तुमची ती किटली!" मग तिला आठवलं, की त्या चहाचं कौतुक आपणच केलं होतं, आणि तिचा आवाज खाली आला. शिवाय नुसतं डिस्टिल्ड पाणी तपासून बघायचं जुन्या केमिस्टने शिकवलेलं होतं, आणि डिस्टिल्ड पाण्यावर कोण शंका घेतं म्हणून तिने ते कधीच बंद केलं होतं. हे तिने मॅनेजरला स्वतःच सांगितलं. मॅनेजरने पट्ट्यांचा डबा गुपचूप खिशात घातला आणि म्हणाला, "बाई, उद्यापासून रोज तपासा. आणि टेबल तुमचंच."

तिने नवऱ्याच्या हातचा कप घेतला, एका घोटात संपवला. "असा चहा आता पुन्हा मिळायचा नाही," ती म्हणाली, आणि खरंच वाईट वाटलं तिला.

संध्याकाळी जिन्याशी दोघे आले. नवऱ्याने सवयीने हात पुढे केला, मग ओशाळून मागे घेतला.

"का?" ती म्हणाली.

"डोळे ठीक आहेत ना तुझे."

"मग काय झालं? धरा. पायरी आहे."